पावती क्रमांक आला, आता काय वाचायचं? यूएससीआयएसचं केस स्टेटस समजून घेताना

अमेरिकेत एच-वन-बीचं एक्स्टेन्शन असो, ग्रीन कार्डाचा अर्ज असो, जोडीदाराचं एच-फोर ईएडी म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड असो की पुण्या-नागपूरहून आलेल्या आईवडिलांचं ग्रीन कार्ड, प्रत्येक अर्जाला यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारं खातं, एक पावती क्रमांक देतं. तो egov.uscis.gov वरच्या चौकटीत टाकला की एक ठळक शीर्षक आणि खाली चार ओळी दिसतात. त्यावर बहुतेक लोक दिवसातून तीन वेळा नजर टाकतात आणि शब्द बदलला की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात. ती वाक्यं छापील आहेत, लाखो लोकांना तीच दिसतात. त्यांतल्या मोजक्याच वाक्यांवर तुम्हाला काहीतरी करावं लागतं. ती कोणती आणि उरलेल्यांकडे का दुर्लक्ष करायचं, एवढंच इथे बघू.

आधी क्रमांक नीट उतरवून घ्या

पावती क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग दहा आकडे. तो I-797C या नोटिशीच्या वरच्या भागात छापलेला असतो. मध्ये डॅश दिसले तर टाइप करताना ते सोडून द्या. फुली म्हणजे * छापलेली असेल तर मात्र ती क्रमांकाचाच भाग समजून टाका.

क्रमांक सापडत नाही असं साइट म्हणाली की पहिला संशय टायपिंगवर घ्या. सध्या बऱ्याच अर्जांचा क्रमांक IOE ने सुरू होतो. त्यातलं मधलं O हे अक्षर आहे, शून्य नाही, आणि पहिलं I हे अक्षर आहे, एक नाही. पहिल्या तीन जागी आकडा येतच नाही आणि पुढच्या दहा जागी अक्षर येत नाही, एवढं लक्षात ठेवलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. दुसरी गफलत म्हणजे भलताच क्रमांक टाकणं. त्याच नोटिशीवर A ने सुरू होणारा एलियन नंबर असतो आणि यूएससीआयएसचा अकाउंट नंबरही असू शकतो. त्या दोन्हींनी स्टेटस दिसत नाही.

एक कुटुंब म्हणजे एक क्रमांक, असंही नसतं. नवरा-बायकोने ग्रीन कार्डासाठी I-485, कामाच्या परवान्यासाठी I-765 आणि प्रवासासाठी I-131 असे तीन-तीन अर्ज एकाच पाकिटातून पाठवले तर सहा पावत्या येतात. एका कागदावर सहा ओळी आखा: कोणाचा, कोणता फॉर्म, क्रमांक, रिसीव्ह्ड डेट. नाहीतर ‘आपलं अप्रूव्ह झालं’ म्हणून आनंद व्हायचा आणि ते फक्त बायकोचं I-765 निघायचं. हे सहा अर्ज एकत्र गेले तरी एकत्र पुढे सरकत नाहीत. नवऱ्याच्या I-485 वर हालचाल दिसली आणि बायकोच्या दिसली नाही, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

नोटिशीवर दोन तारखा असतात आणि त्यांची गल्लत महागात पडू शकते. रिसीव्ह्ड डेट म्हणजे अर्ज त्यांच्या हातात पडला तो दिवस. नोटीस डेट म्हणजे ही पावती छापली तो दिवस. हिशोब जवळजवळ नेहमी पहिल्या तारखेवर चालतो. उदाहरण ताजंच आहे. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की अनेक प्रकारांत जुन्या कार्डाला ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या बहुतेक अर्जांना ती बंद झाली. अर्ज २८ ऑक्टोबरला पोचला आणि पावती नोव्हेंबरात छापली गेली, तर तो जुन्या नियमात बसतो, कारण बघायची ती रिसीव्ह्ड डेट.

क्रमांकात काय दडलेलं असतं, काय नसतं

जुन्या पद्धतीचा क्रमांक वाचता येतो. EAC21146XXXXX असा क्रमांक घ्या. EAC म्हणजे व्हर्माँट सर्व्हिस सेंटर. तसंच WAC म्हणजे कॅलिफोर्निया, LIN म्हणजे नेब्रास्का, SRC म्हणजे टेक्सास, YSC म्हणजे पोटोमॅक आणि MSC म्हणजे नॅशनल बेनिफिट्स सेंटर. पुढचे 21 म्हणजे आर्थिक वर्ष २०२१. अमेरिकी सरकारचं हे वर्ष १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. पुढचे 146 म्हणजे त्या वर्षातला कामकाजाचा १४६ वा दिवस. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून मोजलं तर तो मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात येतो. शेवटचे पाच आकडे म्हणजे त्या दिवशीचा अनुक्रम.

हे गणित मजेचं आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. अक्षरं फक्त जन्मगाव सांगतात, सध्याचा पत्ता नाही. फाइल नेब्रास्काहून टेक्सासला गेली तरी क्रमांक LIN च राहतो. आणि IOE ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना हे गणित लागूच पडत नाही. ते संगणक प्रणालीने दिलेले क्रमांक आहेत, त्यांत वर्ष आणि दिवस शोधू नका. ‘माझ्या पुढचे दोनशे क्रमांक अप्रूव्ह झाले, मी का राहिलो’ असा हिशोब करणारी ॲप्स आणि एक्सेल शीट्स फिरत असतात. शेजारच्या क्रमांकाचा अर्ज भलत्याच फॉर्मचा, भलत्याच देशाच्या माणसाचा असू शकतो. त्यामुळे त्यातून तुमची रांग कळत नाही.

ग्रुपवर विचारताना पूर्ण क्रमांक टाकू नका. या साइटला नाव किंवा पासवर्ड लागत नाही, क्रमांक माहीत असलेला कोणीही तुमचं स्टेटस बघू शकतो. शेवटचे पाच आकडे झाकले तरी उत्तर देणाऱ्याला पुरेसं कळतं.

ज्या वाक्यांवर काहीच करायचं नसतं

`Case Was Received` याचा अर्थ पाकीट उघडलं, फी जमा झाली, सही आणि फॉर्मची आवृत्ती ठीक निघाली. तुम्ही पात्र आहात की नाही हे अजून कोणी बघितलेलं नाही. हे वाक्य महिनोन् महिने तसंच राहू शकतं, आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या भारतीय अर्जदारांच्या बाबतीत वर्षानुवर्षं. व्हिसा बुलेटिन म्हणजे कोणत्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारा दर महिन्याचा सरकारी तक्ता. ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिनमध्ये ईबी-३ या नोकरीवर आधारित प्रकारात भारताची अर्ज भरण्याची तारीख जानेवारी २०१५ पर्यंत पुढे गेली आणि खूप जणांनी तेव्हा I-485 भरला. पण मंजुरी ‘फायनल ॲक्शन डेट’च्या तक्त्यावर ठरते, अर्ज भरण्याच्या तक्त्यावर नाही. त्यामुळे २०१४ ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, असलेले ईबी-३ चे लोक पाच वर्षांनंतरही त्याच वाक्याकडे बघत होते. फाइलमध्ये खोट नव्हती, व्हिसा क्रमांकच शिल्लक नव्हता. अशा वेळी स्टेटसच्या पानापेक्षा दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन उघडलेलं बरं.

`Fingerprint Fee Was Received` हे बऱ्याच I-485 वर दिसतं आणि अनेकांना वाटतं की अजून काहीतरी भरायचं राहिलं. काही भरायचं नसतं. बायोमेट्रिक्सची नोंद झाली, अपॉइंटमेंटचं पत्र येईल, एवढाच अर्थ. पुढे `Case Was Updated To Show Fingerprints Were Taken` दिसतं. तुम्ही कुठेही गेला नसताना हे दिसलं तर त्यांनी तुमचे आधीचे ठसे पुन्हा वापरलेले असू शकतात.

`Case Is Being Actively Reviewed By USCIS` हे सगळ्यात फसवं वाक्य. वाचून वाटतं की कोणी अधिकारी आत्ता, या क्षणी, आपली फाइल समोर घेऊन बसलाय. प्रत्यक्षात ठसे नोंदले गेले, फाइल एका टप्प्यातून दुसऱ्यात सरकली, अशा यांत्रिक घटनेवरही ते उमटतं. त्यानंतर दोन दिवसांत मंजुरी आलेली दिसते आणि वर्षभर शांतताही दिसते. यावरून सुट्टीची तिकिटं काढू नका आणि काढलेली रद्दही करू नका.

`Case Was Transferred And A New Office Has Jurisdiction` म्हणजे काम वाटून घेण्यासाठी फाइल हलवली. शिक्षा नाही, बढतीही नाही. क्रमांक तोच राहतो. फक्त प्रक्रियेचा कालावधी बघताना आता नव्या कार्यालयाचा बघायचा.

`Case Is Ready To Be Scheduled For An Interview` म्हणजे मुलाखतीच्या यादीत नाव लागू शकतं, तारीख मिळाली असं नाही. नोकरीवर आधारित अर्जांत हे वाक्य येऊनही मुलाखत न होता थेट मंजुरी आलेली आहे. तारखेचं पत्र येईपर्यंत कागद जमवत राहा, इतकंच.

`Name Was Updated` या वाक्यावर मात्र मराठी नावांच्या लोकांनी क्षणभर थांबावं. आपल्या पासपोर्टात पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या एकाच ओळीत बसतं. फॉर्मवर कोणी ते दोन्ही पहिल्या नावात लिहितं, कोणी दुसरं मधल्या नावात. पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आणि अर्जात नंतरचं, असंही होतं. हे वाक्य बहुतेक वेळा किरकोळ नोंद असते. पण पुढची जी नोटीस येईल तिच्यावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर तपासा. चूक असेल तर egov.uscis.gov/e-request वर टंकनदोषाची वेगळी सोय आहे. कार्ड छापून झाल्यावर दुरुस्ती करणं जास्त किचकट होतं.

जिथे तुम्हाला हलावं लागतं: आरएफई

`Request for Additional Evidence Was Sent` किंवा `Request for Initial Evidence Was Sent` दिसलं की पोटात गोळा येतो. यालाच आरएफई, म्हणजे आणखी पुराव्याची मागणी, म्हणतात. आरएफई म्हणजे नकार नाही. अधिकाऱ्याने फाइल वाचली आणि एक-दोन कागद कमी वाटले. कोणते, हे स्टेटसच्या पानावर लिहिलेलं नसतं, ते पत्रातच असतं. म्हणून पत्र येण्याआधी वकिलाला, एचआरला आणि बँकेला पळवण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न हा की पत्र कोणाकडे गेलंय. एच-वन-बीचा I-129 आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डासाठीचा I-140 हे अर्ज सहसा कंपनीचे असतात, तुमचे नाहीत. त्यांचं पत्र कंपनीकडे आणि वकिलाकडे जातं, तुमच्या टपालपेटीत येत नाही. तुमचं काम वकिलाला त्याच दिवशी एक मेल करून ‘स्टेटस बदललंय, पत्र आलं की कळवा’ एवढं सांगणं. I-485 आणि I-765 तुमचे स्वतःचे, तिथे पत्र तुम्हाला येतं आणि वकील नेमला असेल तर त्यालाही.

आता मुदत. नियमानुसार आरएफईला जास्तीत जास्त बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस देता येतात. पत्र अमेरिकेत टपालाने गेलं असेल तर त्यात तीन दिवस धरले जातात. समजा पत्रावर ४ मार्च २०२५ ही तारीख आहे आणि पूर्ण मुदत दिलेली आहे, तर ८७ वा दिवस ३० मे ला येतो. काही फॉर्मना यापेक्षा कमी मुदत मिळते, त्यामुळे आपलं गणित फक्त अंदाजाला वापरा आणि पत्रात छापलेली तारीख अंतिम माना. तीन गोष्टींत लोक हमखास चुकतात. उत्तर त्या तारखेपर्यंत तिथे पोचलं पाहिजे, त्या दिवशी टपालात टाकून चालत नाही. मुदत वाढवून मिळत नाही. आणि उत्तर एकदाच देता येतं. आज पगाराच्या स्लिपा आणि पुढच्या आठवड्यात भारतातून येणारा जन्मदाखला, असे हप्ते चालत नाहीत. पहिलं पाकीट पोचलं की तेवढ्यावरच निर्णय होऊ शकतो. म्हणून जन्मदाखला महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून आणायचा असेल, त्याचं इंग्रजी प्रमाणित भाषांतर करायचं असेल, तर पहिल्याच आठवड्यात माणूस कामाला लावा आणि बाकीचे कागद थांबवून ठेवा. मूळ आरएफईचं पत्र पाकिटात सगळ्यात वर ठेवा. त्याशिवाय तुमचं उत्तर योग्य फाइलला जोडायला वेळ जातो.

पोचल्यावर `Response To USCIS' Request For Evidence Was Received` दिसतं. कुरिअरने पोचवल्याची पावती आणि हे वाक्य यांत काही दिवसांचं अंतर पडू शकतं. डिलिव्हरीचा पुरावा हातात असेल तर घाबरू नका. जादा फी भरून लवकर निर्णय मागणाऱ्या, म्हणजे प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: आरएफई निघाला की घड्याळ थांबतं, आणि उत्तर पोचलं की पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होतं. बहुतेक अर्जांना ते पंधरा कामकाजाच्या दिवसांचं असतं.

नकार देण्याचा इरादा कळवणारी नोटीस, म्हणजे नॉइड, ही आरएफईपेक्षा वरची पायरी. तिला जास्तीत जास्त तीस दिवस मिळतात. इथे स्वतःच्या जोरावर उत्तर लिहू नका, वकील गाठा. आणि ‘रिजेक्ट’ व ‘डिनाय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिनाय म्हणजे अर्ज तपासून दिलेला नकार. फी चुकली, सही राहिली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली की पाकीट परत येतं. ते रिजेक्शन, त्यात अर्ज तपासलाच गेलेला नसतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो, मात्र आधीची तारीख हातची जाते. आवृत्तीची तारीख फॉर्मच्या प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेली असते. सगळी पानं एकाच आवृत्तीची आहेत ना, ते पाठवण्याआधी बघा.

मंजुरी झाली, पण कार्ड?

I-765 मध्ये बरेचदा आधी `New Card Is Being Produced` दिसतं आणि `Case Was Approved` नंतर उमटतं. क्रम उलटा दिसला तरी कार्ड छापायला गेलं म्हणजे मंजुरी झालेली आहे. पुढे `Card Was Mailed To Me` आणि मग `Card Was Picked Up By The United States Postal Service` येतं, त्यात टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक असतो. तो लगेच लिहून ठेवा.

इथून पुढे जे बिघडतं ते टपालपेटीवर बिघडतं. एक नेहमीचं उदाहरण घ्या. मुलगी अमेरिकन नागरिक आहे, तिने आईचं ग्रीन कार्ड भरलं. अपार्टमेंटच्या टपालपेटीवर जावयाचं आडनाव आहे. कार्डाच्या पाकिटावर आईचं नाव आहे, आणि ते आडनाव या पत्त्यावर पोस्टमनला कधी दिसलेलंच नाही. तो पाकीट परत पाठवतो आणि स्टेटसवर `Card Was Returned To USCIS` येतं. यावर उपाय अगदी साधा आहे. अर्ज भरतानाच चिठ्ठीवर आईचं आडनाव लिहून पेटीच्या आत चिकटवा, लीझिंग ऑफिसला आणि पोस्टमनला सांगा. पोस्टाची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी ही मोफत सेवा सुरू केली तर येणाऱ्या पत्रांचे फोटो सकाळी मेलवर दिसतात.

घर बदललं तर पोस्टात पत्ता बदलून भागत नाही. यूएससीआयएसची कार्डं पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर पुढे जातील असं धरून चालू नका. घर बदलल्यापासून दहा दिवसांत त्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते ऑनलाइन खात्यातून करता येतं. मात्र तिथे तुमचे प्रलंबित पावती क्रमांक एकेक करून जोडले गेले आहेत ना ते बघा. इथे तो सहा ओळींचा कागद कामाला येतो.

कार्ड परत गेलं तर हातात ठरावीक वेळ असतो. योग्य पत्ता कळवायला कोणी आलं नाही तर परत आलेली कार्डं कामकाजाच्या साठ दिवसांनंतर नष्ट केली जातात. त्यामुळे `Card Was Returned` हे वाक्य आरएफईइतक्याच तातडीचं समजा: त्याच दिवशी पत्ता दुरुस्त करा, ई-रिक्वेस्ट टाका आणि मिळालेला विनंती क्रमांक जपा. उलट `Card Was Delivered` दिसतंय आणि पेटी रिकामी आहे, तर आधी ट्रॅकिंग क्रमांक घेऊन आपल्या पोस्ट ऑफिसात जा. शेजारच्या अपार्टमेंटच्या पेटीत गेलं असेल तर ते तिथेच कळतं.

विचारायचं कधी

यूएससीआयएसच्या प्रोसेसिंग टाइम्सच्या पानावर फॉर्म, प्रकार आणि कार्यालय निवडलं की एक कालावधी दिसतो. तो सरासरी नाही. ऐंशी टक्के अर्ज इतक्या काळात निकाली निघाले, असा त्याचा अर्थ आहे. त्याच पानावर रिसीव्ह्ड डेट टाकली की तुम्हाला चौकशी कधीपासून करता येईल तेही सांगितलं जातं. त्या तारखेआधी फोन केला तर पलीकडचा माणूस स्क्रीनवरचं तेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो. ती तारीख उलटली असेल तर ई-रिक्वेस्टमध्ये ‘नेहमीच्या मुदतीबाहेर’ हा पर्याय निवडा. प्रायॉरिटी डेट करंट नसलेल्या, म्हणजे रांगेत अजून नंबर न आलेल्या I-485 साठी मात्र हा खटाटोप वाया जातो, त्यावर तेच ठरावीक उत्तर येतं.

रोज बघायची सवय सुटत नसेल तर my.uscis.gov वर खातं उघडा आणि पावती क्रमांक जोडून ठेवा. बदल झाला की मेल येतो. IOE च्या कागदी अर्जांसाठी आलेल्या पत्रात ऑनलाइन ॲक्सेस कोड असेल तर तो टाका, म्हणजे नोटिशीही तिथेच दिसू लागतात आणि आरएफईचं पत्र टपालात अडकलं तरी मजकूर हातात येतो.